पुराव्याचा चौकोन

आमच्या ब्रँडमध्ये आम्ही तिघीच होतो. मालकीणबाई फार्मसी शिकलेल्या. क्रीम, सनस्क्रीन, फेसवॉश, सगळ्यांची फॉर्म्युलेशन्स त्यांची. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. दुसरी अमरावतीहून आलेली मुलगी. ती व्हिडिओ शूट करायची, एडिट करायची आणि कुरिअरवाला यायच्या आधी पार्सलंही भरायची. तिसरी मी. खराडीत बसून सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं लिहिण्याचा कंटाळा आला, म्हणून विश्रांतवाडीतल्या या तळमजल्यावर येऊन तोंडाला काय लावावं ते लिहायला लागले. घरच्यांच्या मते ही अधोगती होती.

पावसाळा ओसरताना मॅडमनी मला बसवून सांगितलं की दिवाळीत क्रीमचा माल हलला नाही, तर तिसरा पगार त्यांना झेपणार नाही. बाई स्पष्टवक्त्या, त्यामुळे वाईट वाटायलाही फार वेळ मिळाला नाही. मी लगेच दिवाळीपर्यंतचं कॅलेंडर करायला घेतलं.

आमचं कॅलेंडर म्हणजे एक साधी शीट. हिरवा रंग माहितीचा, पिवळा पुराव्याचा, लाल ऑफरचा. आठवड्याला चारच पोस्ट, कारण त्याहून जास्त आम्हाला जमत नव्हत्या आणि रोज शुभ सकाळ टाकायला आम्ही सोसायटीचा ग्रुप नव्हतो. हिरव्या पोस्टचे विषय इनबॉक्समधून मिळायचे: सनस्क्रीन किती लावायचं, घरात बसूनही लावायचं का, क्रीम आधी कानामागे लावून का बघायचं. एकाच दिवशी पाचसहा उत्तरं शूट करायची आणि महिनाभर पुरवायची. लाल चौकोन कमीत कमी ठेवायचे. ऑफर सारखी लावली की लोक मूळ किमतीला हात लावत नाहीत, ऑफरची वाट बघत बसतात. दिवाळीची ऑफर तर बरीच आधी लावायची, नाहीतर पार्सलं भाऊबीजेनंतर पोचतात.

घोडं अडायचं ते पिवळ्यापाशी. क्रीम होती वांगाचे डाग फिके दिसावेत म्हणून. ‘डाग घालवते’ असं लिहायला मॅडमची सक्त मनाई होती; ते औषधाचं बोलणं झालं, म्हणायच्या. मग लोकांनी विश्वास ठेवायचा कशावर? फोटोवर. मी लाल चौकोन आधी भरला, त्याच्या अलीकडे पिवळा ठेवला, त्यात लिहिलं ‘आधी आणि नंतर’, आणि मग फोटो कुणाचा ते शोधायला निघाले.

माझी थोरली बहीण लोणी काळभोरला दिलेली. तिथल्या एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते, उन्हातान्हात स्कूटरवर फिरते, आणि दुसऱ्या बाळंतपणापासून तिच्या दोन्ही गालांवर वांग आहे. मी विचारलं, तर ती म्हणाली, “काढ की फोटो. काय हाय त्यात?” संमतीचा मेसेज मी तिच्याकडून रीतसर लिहून घेतला. त्यावर ती हसली, बहिणीला कागद लागतो म्हणाली.

नियम ठरलेले होते. दर रविवारी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, तोंड धुऊन, फिल्टर न लावता फोटो काढायचा आणि मला पाठवायचा. ताई एकही रविवार चुकली नाही. चुकत होती ती तिची त्वचा. वांग फिकं व्हायला महिने लागतात, तेही ऊन टाळलं तर, आणि तरीही खात्री नाही. हे मी स्वतःच हिरव्या पोस्टमध्ये लिहिलं होतं. पण शीटवर तारीख टाकली की आपल्याला वाटतं, गालालाही ती कळली असेल. मी दर रविवारी फोटो मोठा करून बघायची आणि ताईला विचारायची, “अगं, लावतेस ना नीट?” नोकरीचं काय होणार, तेही एकदा तिच्यापाशी बोलून गेले होते. थोरल्या बहिणीपाशी नाही बोलायचं तर कुणापाशी?

आणि मग अचानक फोटो बदलले. एका रविवारी बरा, पुढच्या रविवारी त्याहून बरा, तिसऱ्या रविवारी गाल असे लख्ख की मी उठून अमरावतीच्या मुलीला मोबाइल दाखवायला गेले. ती म्हणाली, “तुम्ही तर जादू करून राहिल्या.” पिवळा चौकोन भरला. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी तिघींसाठी भेळ मागवली.

मॅडमनी फोटो पाहिला आणि भेळेची वाटी खाली ठेवली. ताईला ऑफिसात बोलवा, म्हणाल्या. ताई आली, तीही छान साडी नेसून. मॅडमनी तिला खिडकीपाशी बसवलं आणि बराच वेळ गाल बघितले. त्वचा पातळ, चकचकीत झाली होती आणि खालच्या बारीक लाल शिरा दिसत होत्या. फोटोत ते नुसतं तेज वाटत होतं.

“ताई, हे आपल्या क्रीमचं काम नाही,” त्या म्हणाल्या. “अजून काय लावलंत?”

ताईने पर्समधून ट्यूब काढली. मेडिकलच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळालेली, गोरं करणारी, स्टेरॉइड असलेली. असल्या ट्यूबा लावू नका म्हणून आम्ही दोनदा हिरव्या पोस्ट केल्या होत्या आणि दोन्ही ताईने आवडल्याची खूण करून वाचल्या होत्या.

मी चिडले. मॅडमसमोरच चिडले. ताई ऐकून घेत होती, मग शांतपणे म्हणाली, “तू दर रविवारी विचारायचीस. तुझी नोकरी माझ्या गालावर अडलेली. मला वाटलं, लागू दे थोडा हातभार.”

मॅडमनी तिला त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवलं, मनाने एकदम बंदही करू नका म्हणाल्या. डॉक्टरांनी ट्यूब हळूहळू सोडवली, तरी सोडताना गाल लालबुंद झाले, आग व्हायला लागली. ताईने डोक्यावरून ओढणी घेऊन कॉलेजात जायला सुरुवात केली.

पिवळा चौकोन रिकामा झाला. मॅडमनी क्रीमची ऑफरच काढून टाकली आणि तिथे सनस्क्रीनची लावली. त्याचा पुरावा सोपा होता. पांढरा थर राहत नाही, घामाने डोळ्यांत उतरत नाही; स्कूटरवरच्या दोन गिऱ्हाइकांनी स्वतःच तसे व्हिडिओ पाठवले. काम झालं, पण गोदामात क्रीम तशीच होती.

त्याच आठवड्यात ताईने स्वतःहून फोटो पाठवला. तीच खिडकी, तीच वेळ, फिल्टर नाही. गाल भाजल्यासारखे. खाली लिहिलं होतं, “आता हा टाक. हा खरा आहे.”

मी नाही म्हणाले. ती दोनदा म्हणाली. शेवटी संमतीचा मेसेज मी पुन्हा घेतला. या वेळी ती हसली नाही. काय लावलं आणि का लावलं, ते तिने स्वतःच्या आवाजात सांगितलं, फक्त माझं नाव वगळून. त्या पोस्टमध्ये आमची एकही बाटली नव्हती. शेजारी ऑफर लावायची नाही, अशी मॅडमची अट होती. बायकांनी आपापल्या ट्यूबांचे फोटो पाठवायला सुरुवात केली. मॅडम एकेकीला उत्तर देत राहिल्या: मनाने बंद करू नका, डॉक्टरला दाखवा.

संध्याकाळी मी ताईला फोन करून हे सगळं सांगितलं. किती बायकांनी लिहिलं, एका सुनेने सासूला कसं दाखवलं, सगळं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, “आणि क्रीम? क्रीम गेली का गं?”

क्रीम फारशी गेली नव्हती, आणि पुढच्या महिन्यापासून मला अर्ध्याच दिवसाचं काम होतं. “जाते आहे,” मी म्हणाले.