पाचाच्या वर जायचं नाही

राज्य तिरंदाजी स्पर्धेचा अंतिम सामना गोंदियात होता, आणि माझ्या स्वतःच्या मुलीच्या मॅडमनी मला मैदानाबाहेर, पाण्याच्या टँकरमागे उभं केलं होतं. मी आमगावात जुने ट्रॅक्टर घेतो-विकतो. बिघडलेल्या इंजिनचा मालक जिथे हात टेकतो तिथून माझा धंदा सुरू होतो. मला आजवर कोणी असं कोपऱ्यात उभं केलेलं नाही. त्यामुळे त्या टँकरचा राग अजून माझ्या डोक्यात आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मुलगी सोळा वर्षांची. जिंकली तर तिचं नाव थेट राष्ट्रीय स्पर्धेच्या संघात जाणार होतं. हरली तर पुन्हा निवडचाचणी, आणि त्या चाचणीला दहा जिल्ह्यांच्या मुली. मॅडम तिच्या प्रशिक्षक. वय तिशीचं, अंगकाठी बारीक, आवाज इतका हळू की समोरच्या माणसाला वाकून ऐकावं लागतं. अशा माणसांशी भाव करणं फार अवघड जातं.

माझा गुन्हा काय होता, तेही सांगतो. मागच्या वर्षी माझ्या मुलीला याच अंतिम सामन्यात, यावर्षीही समोर आलेल्या याच मुलीने हरवलं होतं. त्या मुलीचा शेवटचा बाण रेषेला टेकला की नाही, यावर सगळं होतं. रेषेला टेकला तर वरचे गुण मिळतात. पंचांनी भिंग लावून पाहिलं आणि वरचे गुण दिले. मी दोरीपलीकडून, बऱ्याच लांबून, डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि बाण रेषेला टेकलेला नव्हता. मी तसं मोठ्याने सांगितलं. मग दोन माणसं मला चहा पाजायला बाहेर घेऊन गेली. चहा चांगला होता, पण बाण टेकलेला नव्हता.

तर यावर्षी उपांत्य सामन्याच्या सकाळी मी मुलीला गाडीत बसवलं आणि आमगाव ते गोंदिया सगळा रस्ता तो बाण सांगितला. शिवाय घरून निघताना मंडईच्या जत्रेतल्या ढोलवाल्या दोघांना अंगणात बोलावून पाच मिनिटं वाजवायला लावलं होतं. बायको म्हणाली, "पोरगी तीर माराले जाऊन राहिली का लगनाले?" मी म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं.

मला कळत होतं, असा माझा समज होता. आमच्या गावाच्या मंडईत, दिवाळीनंतर, मी आठ वर्षं कबड्डी खेळलो. चढाईला निघण्याआधी मामा माझ्या पाठीत एक धपाटा घालायचे आणि आईवरून असं काही बोलायचे की मी समोरच्या सातही जणांना फाडायला जायचो. गुण घेऊन यायचो. माणूस तापला की जिंकतो, हे मला पाठीवर शिकवलेलं होतं.

उपांत्य सामन्यात मुलगी पहिले दोन सेट हरली.

तिरंदाजीत सेट तीन बाणांचा. सेट जिंकला की दोन गुण, बरोबरी झाली की एकेक, आधी सहा गुण करेल ती जिंकली. एका बाणाला वीस सेकंद. धनुष्यावर पत्र्याची एक बारीक पट्टी असते. बाण पुरता मागे ओढला गेला की ती टक् वाजते, आणि ती वाजली की बोटं सोडायची. त्या सकाळी मुलीची पट्टी वाजतच नव्हती. तिचे खांदे कानांपर्यंत चढले होते, जबडा घट्ट होता, बाण शेवटचा तांदळाएवढा मागे येईना. घड्याळ संपत आलं की ती हिसका देऊन सोडायची आणि बाण भलतीकडे. मी मात्र दोरीपाशी खूश होतो. चेहरा अगदी माझ्यासारखा दिसत होता.

दुसऱ्या सेटनंतर मॅडम तिच्या कानाशी गेल्या. काय बोलल्या ऐकू आलं नाही. मुलीने डोळे मिटले, लांब श्वास सोडला, हात झटकले, खांदे खाली आले. पुढचे तिन्ही सेट तिने घेतले. मग मॅडम सरळ माझ्याकडे आल्या.

"काका, तुम्ही तिले सकाळी काय सांगतलं?"

"काही नाही. बापानं पोरीशी बोलायचं नाही का?"

"ती आज आठावर होती."

हे आठ म्हणजे काय, ते मॅडमनी मला बाणाच्या मागच्या टोकाने धुळीत काढून दाखवलं. पालथ्या टोपलीसारखी रेघ, जितकी उंच तितके गुण जास्त. डाव्या टोकाला एक, उजव्या टोकाला दहा. सामन्याआधी मुलगी स्वतः सांगते, अंगात किती धडधड आहे. एक म्हणजे झोप येते, दहा म्हणजे जीव तोंडात आला. मॅडम तो आकडा लिहून ठेवतात आणि समोर तिचे गुण. वर्षभराचं पाहिलं तर मुलीचे सगळ्यात चांगले गुण चार-पाचला येत होते. टोपलीचा माथा तिथे. एक-दोनला गुण कमी, सात-आठला परत कमी.

"मी आठावर खेळलो आहे," मी म्हटलं. "नऊवर पण."

"तुम्ही कबड्डी खेळले. तिथं दम लागते, अंगाची ताकद लागते. तुमच्या टोपलीचा माथा उजवीकडे राहते. इथं बोटभर काम हाय, म्हणून डावीकडे. त्यातही माणसामाणसात फरक. माझ्याकडे एक पोरगा हाय, तो सहाला चांगला मारते. हिचं चार-पाच."

"म्हणजे राग वाईट?"

"मी असं म्हटलं का? जास्त झाला तर वाईट."

मग आमचा सौदा झाला. अंतिम सामना दुपारी होता. मी त्याआधी मुलीशी दहा मिनिटं मागितली. मॅडम म्हणाल्या, काहीच नाही. मी पाचवर आलो. त्या होत्या तिथेच. मी आवाज चढवला. त्यांनी आणखी हळू केला. मी दोन मिनिटांवर आलो तेव्हा त्यांनी टँकरकडे बोट दाखवलं. तीस वर्षांच्या धंद्यात समोरच्याने एक पैसाही न सोडता मला जागेवरून हलवलं, असं पहिल्यांदा झालं.

टँकरमागून मला सगळं दिसत होतं. मॅडमनी मुलीला झाडाखाली आडवं केलं, टोपी तोंडावर, केळं खायला, श्वास मोजायला. कोणाला जवळ येऊ देईनात. दीड तास असं चाललं. मग सरावाचे बाण सुरू झाले तेव्हा मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मुलगी जांभई देत होती. बाण सोडला की धनुष्याचा हात लगेच खाली पडत होता, आणि बाण लक्ष्याच्या खालच्या बाजूला जात होते. ते पाहून ती हसली. खराब बाण पाहून हसणारी मुलगी माझ्या घरात जन्मलेली नाही.

मॅडमनी तिला जागच्या जागी उड्या मारायला लावल्या, छोट्या धावा काढायला लावल्या. मग पुन्हा दोन बाण. पुन्हा खाली. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं आणि टँकरच्या दिशेने चालत आल्या. मी दुसरीकडे तोंड करून नळाकडे पाहत राहिलो.

"काका."

"बोला."

"दोनावर गेली. मी जास्तच शांत केली." त्यांनी हे अगदी सरळ सांगितलं. मी असतो तर हवेवर ढकललं असतं. "उड्यांनी तीन झाले. अजून थोडं पाहिजे. तुम्ही जरा बोला तिच्याशी."

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहीत नाही. वाचणाऱ्याला हसू येईल. मी फक्त विचारलं, "किती पाहिजे?"

"एक, जास्तीत जास्त दोन आकडे. पाचाच्या वर जायचं नाही."

"मले दोरीजवळ उभं राहू द्या."

"राहा. तोंड बंद."

"टाळ्या?"

"सेट संपल्यावर. बाण चालू असताना नाही."

"आणि टँकरमागे पुन्हा उभं करायचं नाही."

"काका, दहा मिनिटं उरली हायेत."

मी गेलो. तोंडात तो मागच्या वर्षीचा बाण तयार होता. मुलगी समोर, तिच्या पलीकडे तीच प्रतिस्पर्धी बोटांना चामडं बांधत होती. एक वाक्य बोललो असतो की झालं असतं. पण ते वाक्य पाचाचं नव्हतं, मला ठाऊक होतं. ते माझ्यासाठीच दहाचं होतं. सौदा करताना मी स्वतः तापलो की ट्रॅक्टर हातातून जातो, आणि फारच थंड बसलो की समोरचा उठून दुसऱ्याकडे जातो, हे मला कोणी धुळीत काढून दाखवायची गरज नव्हती. फक्त मी ते कधी घरात लावून पाहिलं नव्हतं.

म्हणून मी तिला म्हटलं, "तुझी लुना मागून राहिला एक जण. देऊन टाकतो उद्या."

तिने मान वळवली. "काऊन? माझी हाय ते."

"तशीही धूळ खाऊन राहिली."

"मी रोज चालवतो तिले, बाबा. तुमाले विकाले दुसरं काही नाही भेटलं? स्वतःचा तो भंगार ट्रॅक्टर विका न, चार वर्षांपासून अंगणात सडून राहिला."

"तो चांगला ट्रॅक्टर आहे."

"त्याले इंजिन कुठं हाय?"

तिच्या गालांवर रंग आला. बोटं चालू लागली. पाठ सरळ झाली. मला अजून बरंच बोलता आलं असतं, विषय रंगात आला होता आणि ट्रॅक्टरचा अपमान मला लागला होता. मॅडमनी माझी बाही ओढली. मुलीला विचारलं, "किती?"

"साडेचार," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, "आणि लुना नाही द्यायची."

पहिला सेट तिने घेतला, दुसरा त्या मुलीने. तिसरा बरोबरीत सुटला. चौथा आमचा. पाच-तीन. पाचव्या सेटमध्ये त्या मुलीचे तिन्ही बाण होऊन सत्तावीस झाले. आमचे दोन बाणांत सतरा. दहा आले तर बरोबरी, म्हणजे सहावा गुण आणि सामना. नऊ आले तर मागे राहिलो, पाच-पाच, आणि मग एकेका बाणावर निकाल.

तिने ओढला. पट्टी वाजली नाही. सकाळी अशा वेळी तिने हिसका दिला होता. आता तिने धनुष्य खाली घेतलं, घड्याळ चालू असताना. मी दोरी धरून ठेवली होती. तिने एक श्वास सोडला आणि पुन्हा ओढला. टक्. चार सेकंद बाकी होते. बाण पिवळ्याच्या मधोमध गेला, रेषेपासून इतका आत की भिंगाची कोणाला गरज पडली नाही.

मी टाळ्या वाजवल्या का, मला आठवत नाही. मॅडम म्हणतात, मी टँकरच्या ड्रायव्हरला मिठी मारली. त्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता.

त्यानंतर संघाचा अर्ज आला. पालकाची सही दोन ठिकाणी हवी होती. मी पहिली केली, दुसरी केली. टेबलावरच्या साहेबांनी दोन्ही पाहिल्या, चष्मा वर केला, आणि म्हणाले की या दोन वेगवेगळ्या माणसांच्या आहेत. मी म्हटलं, माझाच हात आहे, दोन्ही वेळा. तिसरी करून दाखवायला गेलो तर पेन कागदातून आरपार गेलं. साहेबांना मी समजावू लागलो, आवाज आपोआप वर गेला.

मॅडमनी माझ्यासमोरचा अर्ज उचलून घेतला आणि नवा कोरा मागितला.

"काका, मैदानाला एक चक्कर मारून या. हळू चाला. मग सही करा."

मुलगी बाणांची पिशवी बांधत होती. तिने वर न पाहता म्हटलं, "दोन माराले सांगा, मॅडम."

मी एकावर ठरवलं आणि चालायला लागलो.