अर्ध्या पंपाचं औषध

शहरात, गारखेड्यात नवं घर बांधून राहिलेला मी, दुष्काळाच्या साली गंगापूरकडच्या आमच्या शेतावर वहिनीला फवारणीत मदत करायला गेलो. औषध लिटरला दोन मिली आणि पंप सोळा लिटरचा, म्हणून मी बत्तीस मिली मोजलं. पाणी मात्र आठच लिटर मिळालं होतं.

"पाणी अर्धं हाय, मग औषध बी सोळाच लागंल ना?" वहिनीनं विचारलं.

"पंपाला बत्तीस. हिशोब मला येतो," मी तोऱ्यात म्हणालो. मी बत्तीसच्या बत्तीस मिली त्या आठ लिटरात ओतलं आणि तिनं पंप पाठीवर घेतला.

चार दिवसांत फवारलेल्या कपाशीची पानं कडेनं करपली. दादानं कारण विचारलं, तेव्हा वहिनीच म्हणाली, "ऊन लई होतं." मी शेजारीच उभा होतो. चूक माझी होती, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.