कर्ता नसलेला मेल

चाळिशी उलटल्यावर मी पहिली नोकरी धरली. मराठीत एम.ए. होऊन बरीच वर्षे लोटली होती. पांढरकवड्याच्या आमच्या संस्थेचे काम कापूस पिकवणाऱ्या कुटुंबांतील बायकांसोबत चाले. ती वर्षे कापसाच्या पडझडीची होती. घरोघर जाऊन बायकांशी बोलावे, त्यांचे गट बांधावे आणि हक्काच्या योजनांचे अर्ज मार्गी लावावेत, असे ते काम होते. नेमणूक एका वर्षाची असे आणि मार्चमधल्या वार्षिक आढाव्यानंतर ती वाढवायची की नाही हे ठरे.

आढाव्याआधी प्रत्येकाने नागपूरच्या व्यवस्थापकांना स्वमूल्यमापनाचा मेल पाठवायचा होता. एप्रिलमध्ये ठरलेली उद्दिष्टे, त्यांतली पूर्ण झालेली, उरलेली आणि शेवटी आपल्याला काय शिकायची गरज आहे, एवढे एका पानात मांडायचे. त्यावर त्यांनी शेरा द्यायचा आणि मग चर्चा.

मी तो मेल तीनदा लिहिला. ‘गटांच्या बैठका नियमित घेण्यात आल्या. विधवा महिलांचे अर्ज तहसील कार्यालयात सादर करण्यात आले.’ शाळेपासून शिकवलेले नीटनेटके मराठी ते हेच. आपल्या कामाविषयी लिहिताना ‘मी’ हे अक्षर उंबरठ्यावरच अडे. शिकण्याच्या गरजांच्या भागात मात्र हात मोकळा झाला. कोलामी मला समजत नाही, पोडावर मला सहकारिणीवाचून बोलता येत नाही, संगणकावर तक्ते मला जमत नाहीत, सभेत मला धीर होत नाही. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. तिथली भाषा शिकण्यासाठी संस्थेने सोय करावी, एवढी एकच विनंती मला खरोखर करायची होती.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांचा फोन आला. आवाज चढवलेला नव्हता, त्यामुळे अधिकच अवघडले.

“मॅडम, मेल दोनदा वाचला. उद्दिष्टांमध्ये काम आहे, पण तुम्ही नाहीत. आणि काय येत नाही तिथे सगळीकडे तुम्हीच. मी वर काय सांगू?”

संध्याकाळपर्यंत सुधारून पाठवा, असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुढच्या वर्षाची माझी नेमणूक त्या मेलवर टांगलेली आहे, हे त्यांनी सांगितले नाही आणि मला विचारवले नाही.

माझी सहकारीण केळापूरची, बौद्ध कुटुंबातली, माझ्याहून पुष्कळ लहान. पोडाच्या शेजारी वाढल्याने कोलामी ती सहज बोले. तिचा मेल केव्हाच गेला होता. तिने माझा पडद्यावर वाचला.

“ताई, काम तं दिसून राह्यलं, तुम्हीच दिसून नाही राह्यल्या,” ती म्हणाली. “मी केलं, असं लिहाले कायले भेता?”

तिच्यासमोर मी एक वाक्य बदलले : ‘पोडावरील महिलांना मी बोलते केले.’ ती हसली, पण चेष्टेने नव्हे.

“बोलत्या तं त्या आधीपासूनच होत्या, ताई. आपल्याले समजत नव्हतं.”

हे खरे होते. ज्यांचे बोलणे तिने मला समजावून दिले, त्यांना मी बोलते केले असे लिहायचे कसे? ते वाक्य मी खोडले. मग दुसरे बदलले, तिसरे बदलले. प्रत्येक ‘मी’ कुणाला तरी बाजूला सारून बसत होता. ती म्हणाली, माझे नाव राहू द्या, तुमचे लिहा. तेही हातून होईना. अखेर संध्याकाळी ‘माझ्या सहभागाने’ असे जागोजागी घालून मेल धाडला. त्याने वाक्ये लांबली, मी काही त्यांत आले नाही.

चर्चा फोनवरच झाली आणि थोडक्यात आटोपली. नेमणूक वर्षाऐवजी सहा महिन्यांसाठी वाढली. शेऱ्यात लिहिले होते, ‘पुढाकार दिसत नाही’. शिकण्याच्या गरजांपुढे कोलामी नव्हती, ‘प्रभावी संवाद’ या विषयावरचे दोन दिवसांचे प्रशिक्षण होते, नागपूरला. सहकारिणीचा शेरा उत्तम आला आणि तिला ढाणकीच्या नव्या केंद्राची जबाबदारी मिळाली. मला मनापासून आनंद झाला, आणि भीतीही वाटली.

ती गेल्यानंतरच्या आठवड्यात मी एकटी पोडावर गेले. शेतांत कापूस वेचून झालेली, वाळलेली पऱ्हाटी उपटण्याचे काम चालू होते. एक म्हातारी ते सोडून माझ्याजवळ आली, मनगट धरून बसवले आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. मध्येच तिने प्रश्न विचारला असावा, कारण ती थांबली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी मान हलवली. हो म्हटले की नाही, ते मला अजूनही ठाऊक नाही.