तीन, अकरा, सत्त्याहत्तर

ओझेली लोसिये दर मंगळवारी फुकटात पत्रं लिहून देते हे ऐकलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्या शालर उपसागराकाठी फुकट मिळतो तो फक्त वारा. त्यात ही बाई एकतीस वर्षं कामावरच्या अपघातांच्या भरपाईच्या कचेरीत कारकून होती, म्हणजे त्यांच्यातलीच. इथलं ऐकून तिकडे पोचवते, असं गाव म्हणायचं आणि मीही म्हणायचो.

पण माझाच हात दगडाखाली सापडला होता. खेकड्यांच्या कारखान्यातल्या यंत्राने उजवा पंजा चिरडला आणि कचेरीने भरपाई नाकारली. निर्णयाच्या तारखेपासून तीस दिवसांत हरकत घ्यायची असते. मी तेविसाव्या दिवशी पाठवली, तरी उशिरा आली म्हणून त्यांनी ती फेटाळली. बायको लोरेन एकटी कमावत होती. शेवटी एका मंगळवारी ओझेलीमावशीचं दार ठोठावलं.

तिने आधी निर्णयाचं पत्र उजेडात धरलं. "तारीख वाच."

"०५/०६/२०१२. पाच जून."

"तू फ्रेंच, म्हणून पाच जून. तुझी फाइल उघडणारा इंग्रज निघाला. इथले इंग्रज महिना आधी वाचतात. त्याच्या हिशेबाने सहा मे."

"मग चूक त्यांची की."

"ते सिद्ध कोण करणार, तुझा आजा? पत्र आलं ते पाकीट कुठंय?"

पाकीट कोण जपून ठेवतं? तरी घरी गेलो. नशीब, लोरेनने त्याच्याच पाठीवर बटाटे, काकवी, खारवलेलं डुकराचं मांस अशी यादी लिहून फ्रिजवर डकवली होती. टपालाचा शिक्का होता सात जूनचा. मी ते आणून दिल्यावर मावशीने भिंतीवरचं कॅलेंडर मागे उलटलं आणि पहिल्यांदा जराशी हसली. सहा मे रविवार होता. त्या दिवशी त्या कचेरीत कुत्रंसुद्धा नसतं.

मग तिने लिहायला घेतलं आणि माझा जीव नकोसा केला. तारीख लिहिली ती "५ जून २०१२", महिना अक्षरात. फाइल नंबर पत्रावरून एकेक आकडा बोट ठेवून उतरवला, मग मला उलटीकडून वाचायला लावला. माझ्या कच्च्या खर्ड्यात डाव्या हाताने काढलेला '१' तिने खोडला. "डोक्यावर एवढा शेंडा काढतोस, इंग्रज त्याला सात वाचेल. आणि नंबर प्रत्येक पानावर घाल. पानं सुटतात, हरवतात."

त्याच खर्ड्यात आठवड्याच्या भरपाईची रक्कम मी आमच्या फ्रेंच रीतीने स्वल्पविराम देऊन लिहिली होती: ४१७,६०. तिने कपाळाला हात लावला. "घाईतला माणूस याला एक्केचाळीस हजार समजेल आणि तुला चोर." तिने टिंब दिलं, डॉलरचं चिन्ह पहिल्या आकड्याला चिकटवलं आणि शेजारी अक्षरात लिहिलं, चारशे सतरा डॉलर आणि साठ सेंट. उरलेल्या जागेत रेघ ओढली.

"एवढा अविश्वास?" मी विचारलं. "तुमचीच माणसं ना ती?"

"म्हणूनच," ती म्हणाली.

हे वेळकाढूपणाचं नाटक आहे असंच मला वाटत होतं. पाकिटाची प्रत तिने जोडायला दिली, अस्सल पाकीट मला परत केलं, तरी वाटेत थांबून मी पत्र दोनदा वाचलं. कुठे काही गोम सापडली नाही.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. हरकत मुदतीत धरली होती आणि भरपाई मंजूर झाली होती. मी ताजा कॉड मासा घेऊन तिच्याकडे गेलो आणि विचारलं, "मावशी, खरं सांगा. हे सगळं फुकट का करता?"

तिने मासा ओट्यावर ठेवला. हात पुसून कपाटातून एक जुनी, पिवळी पडलेली प्रत काढून माझ्यासमोर ठेवली. अक्षर माझ्या आईचं होतं.

बाबा मासेमारीच्या बोटीवर कामाला असताना बुडाले, त्यानंतर आईने त्याच कचेरीकडे विधवेच्या पेन्शनसाठी केलेला तो अर्ज. मृत्यूची तारीख: ३/११/७७. अर्ज पोचला जून अठ्ठ्याहत्तरमध्ये. वर्षाच्या आत करायचा होता, आणि सातच महिने झाले होते. वर लाल शाईत शेरा होता: मृत्यू ११ मार्च, मुदत संपली. खाली सही, ओ. लोसिये.

"इंग्रज साहेबाच्या हाताखाली मीही महिना आधी वाचायला शिकले होते," ती म्हणाली. "मृत्यूचा दाखला जोडलेला होता. मी तो उघडला नाही. जेवायची सुट्टी झाली होती."

"आणि कळलं कधी?"

"तुझी आई गेली, तेव्हा चर्चमध्ये तुझ्या बाबांच्या मृत्यूची तारीख वाचून दाखवली. तोवर मी तिला रोज मासळीच्या कारखान्यात जाताना बघत होते."

आई एकोणीस वर्षं तिथे हेरिंग मासे साफ करत होती. तिची बोटं शेवटी सरळ होत नव्हती. मला त्या म्हातारीचा भयंकर राग आला. मी कागद घेतला आणि निघून आलो. मासा तिथेच राहिला.

तीन मंगळवार गेलो नाही. चौथ्या मंगळवारी गेलो. आता तिला नीट दिसत नाही, म्हणून लोकांची पत्रं ती सांगते आणि मी डाव्या हाताने लिहितो. तिने सांगितलेली प्रत्येक तारीख मी मूळ कागदाशी ताडून बघतो, दाखला उघडून. एकदा तिने विचारलं, "अजून विश्वास नाही ना माझ्यावर?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं आहे," ती म्हणाली, आणि पुढचा कागद माझ्याकडे सरकवला.