जबड्यावरचे फोड आणि पाळीच्या गोळ्या

जेद्द्यात तुमचं घर असलं की रत्नागिरीहून उमऱ्याच्या यात्रेला येणारं अख्खं गणगोत तुमच्याकडेच उतरतं. त्यांना मक्केला न्यायचं काम माझं. पाळीत तवाफ, म्हणजे काबेची प्रदक्षिणा, करता येत नाही, म्हणून मी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घ्यायची. रमजानात रोजे चुकू नयेत म्हणूनही त्याच. मधे पाळी रखडली, तरी त्याच घेऊन आणायची. गोळ्या थांबवल्या की दोन-तीन दिवसांत रक्त जायचं. मी म्हणायची, बघा, माझी कशी वेळेवर येते. मोठी शहाणी!

छत्तिसाव्या वर्षी जबड्याच्या कडेला फोड यायला लागले. वरवरच्या पुटकुळ्या नव्हेत, आत खोल, टणक, कुशीवर झोपलं की ठणकणारे. बाहेर नकाबखाली झाकले जायचे. घरात प्रत्येक पाहुणी हनुवटी धरून बघायची, एखादा लेप सांगायची. "गो, पोट साफ नाय तुझं." पोट! लग्नाला सहा वर्षं होऊन ते रिकामं होतं, त्यावर कुणाकडे लेप नव्हता.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरकडे गेले. बाई इजिप्तची, कामापुरतं बोलणारी. फोड बघितले, हनुवटीवरचे दोन राठ केस बघितले आणि विचारलं, "गोळीशिवाय, आपोआप, पाळी शेवटची कधी आली?"

मी आठवत बसले. आठवेचना.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली. पीसीओएस. अंडाशयातून पुरुषी हार्मोन जास्त सुटत होतं, जबड्याच्या तेलग्रंथी त्यानेच भडकल्या होत्या. पाळीच्या गोळीतलं औषधही थोडं त्याच वळणाचं, म्हणजे मी आगीत तेलच ओतत होते. आणि ते वेळेवरचं रक्त? ते गोळी थांबवल्याचं. त्यावरून बीज सुटतंय असं धरता येत नाही, म्हणाली. सहा वर्षं मी कशाच्या भरवशावर दिवस मोजत होते?

फोडांवर चांगली गोळी होती, पण ती चालू असताना गर्भ राहता कामा नये. "आधी चेहरा की आधी मूल?" मी मूल म्हटलं. तिने साधं मलम दिलं आणि पुढच्या इलाजासाठी बायकांच्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथली डॉक्टर म्हणाली, आधी गोळ्या बंद, पाळी आपली आपण येते का पाहू.

त्याच महिन्यात सासूबाई उमऱ्याला आल्या. "गोळी घेतलीस ना गो?" विमानतळावरच विचारलं. मी म्हटलं, "नाही घेणार, अम्मा. पाळी आली तर मी मक्केत हॉटेलात बसेन."

त्या तोंड फुगवून बसल्या. पंधरा दिवस राहिल्या. मी त्यांच्याबरोबर तवाफ केला, एक नमाज चुकली नाही. दहाव्या दिवशी गरोदरपणाची चाचणी केली, एकच रेघ, म्हणजे दिवस नाहीत. पाळीची तारीख कधीच उलटली होती. रोज बाथरूममध्ये जाऊन बघत होते, काही नाही.

निघताना सासूबाईंनी माझा फोडांनी भरलेला चेहरा दोन्ही हातांत धरला. "बघ, गोळीबिगर पण अल्लाने कसं निभावलं."

मला इतकं रडू फुटलं की त्याही रडल्या. त्यांना वाटलं, अल्लाचे शुक्र-आभार मानतेय.