कच्चं खत टाकू नका

लढाई संपली तेव्हा फौजेची वायरलेस यंत्रं भंगाराच्या भावात विकायला निघाली. त्यातलं एक आमच्या शेती खात्यानं घेतलं आणि ग्वाल्हेरच्या मेळ्याच्या मैदानावर, बैलबाजारापासून हाकेच्या अंतरावर, एका तंबूत बसवलं. आसपासच्या गावांत चावडीवर बॅटरीचे रेडिओ ठेवले. रोज संध्याकाळी दोन मिनिटं 'खेती की बात'. लिहिणार मी, वाचणार मी. नेमणूक मेळा संपेपर्यंतची, तात्पुरती. लोक ऐकतात असं सिद्ध झालं तर कायम, नाहीतर राम राम. माझ्या आधीच्या दोन नोकऱ्याही तात्पुरत्याच निघाल्या होत्या, त्यामुळे दौलतगंजात आमच्या घरी 'तात्पुरती' हा शब्द शिवीसारखा वापरला जाई.

मजकूर म्हणून मला एक लाकडी पेटी मिळाली. आत मॅजिक लँटर्नच्या काचा. भिंतीवर चित्रं पाडून व्याख्यान देतात ना, त्या. प्रत्येक काचेवर चित्र आणि खाली इंग्रजीत मुंगीच्या अक्षरांतला उपदेश. खात्यातल्या विद्वानांनी ती व्याख्यानं गावोगाव दिली होती आणि गावकऱ्यांनी अंधारात छान झोपा काढल्या होत्या.

आता रेडिओवर भिंत कुठून आणायची? 'चित्रात दाखवल्याप्रमाणे' हे पहिलं वाक्य मी उडवलं. एका काचेवर पाच-सहा सूचना असत, त्यांतली एकच घ्यायची. कानाला एका वेळी एकच गोष्ट पेलते. आधी केव्हा करायचं ते, मग काय करायचं ते. एकरी पौंडाचं बिघ्याला शेर करायचं. मुख्य वाक्य दोनदा म्हणायचं, कारण रेडिओला कुणी 'फिर से कहो' म्हणू शकत नाही. लिहून झालं की मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवी. ती भाजी चिरता चिरता मध्येच हं म्हणायची थांबली की तिथलं वाक्य तोडायचं.

माझ्या डोक्यावर एक साहेब होते. पुण्याच्या शेतकी कॉलेजातून आलेले, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे विसरू न देणारे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते, पण हिंदी आपल्याला येते असा त्यांचा समज होता. मराठीला 'है' जोडलं की हिंदी, असा तो हिशेब.

एक काच शेणखताची होती. न कुजलेलं खत शेतात घातलं तर वाळवी लागते, म्हणून खड्ड्यात कुजवून मग घाला. मी लिहिलं, 'कच्ची खाद खेत में मत डालिए.' साहेबांनी लाल पेन्सिल उचलली.

"खाद? हे काय खाद? आपला चांगला खत शब्द असताना?"

"साहेब, इकडे खत म्हणजे चिठ्ठी."

"अहो, शेतीच्या कार्यक्रमात चिठ्ठी कोण समजेल? आणि हे 'खेत में' कशाला? शेतात नाही तर काय चुलीत घालणार? दोनच मिनिटं आहेत. काटकसर शिका जरा."

खड्ड्याची काच वेगळी होती, ती पुढच्या आठवड्यात. तेव्हा काटकसर करून त्या संध्याकाळी मी माइकवर म्हणालो ते असं: "भाइयो, कच्चा खत मत डालिए. कच्चे खत में दीमक लगती है. हमेशा पक्का खत डालिए." नियमाप्रमाणे दोनदा.

चार दिवसांत टपाल सुरू झालं. 'रेडियोवाले सरकार, मेला, ग्वालियर' एवढ्या पत्त्यावर. कच्चा म्हणजे साध्या कागदावरचा, पक्का म्हणजे स्टॅम्पपेपरवरचा, हे न सांगता ओळखणारी आमची प्रजा. साध्या कागदाला सरकारात वाळवी लागते हे तर त्यांना रेडिओच्या आधीपासून ठाऊक होतं! गावोगावच्या अर्जनविसांची दिवाळी झाली. कुणी लिहिलं, नीलगायी चणा खातात, दरबारच्या शिकारीचं राखीव रान असल्यानं हाकलायचीही चोरी. कुणी लिहिलं, पूल कधी बांधता. एकानं नुसती खुशाली कळवली होती, पण तीही स्टॅम्पपेपरवर.

मला वाटलं, साहेब शरमेनं लाल होतील. कसलं काय! ते आनंदानं लाल झाले.

"बघा! लोक ऐकतात! आणखी काय पुरावा पाहिजे? वरचे साहेब येतायत मेळ्याच्या शेवटी. तोवर हेच वाक्य रोज म्हणा. हा टपालाचा ढीग दाखवला की तुमची नोकरी पक्की."

मी म्हणत राहिलो. खोटं कशाला बोलू, मजाही वाटत होती. घरी बायकोनं 'पक्की' शब्दावर शिरासुद्धा केला.

मग एक स्टॅम्पपेपर आला. नमस्कार-चमत्कार झाल्यावर शेतकऱ्यानं लिहिलं होतं: हुजूर, तुमच्या हुकमाप्रमाणे 'पक्का खत' टाकला आहे. अर्ज एवढाच की, मी चण्याच्या शेतात कच्चंच शेण घातलं होतं, आता मुळांना वाळवी लागली आहे, रोज रोपं वाळून चालली आहेत. रेडिओवर कधी याच्यावरही दोन शब्द सांगा.

मी तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. हाच माणूस! याच्याचसाठी ती काच होती, आणि त्याच काचेतलं वाक्य मी त्याला रोज दोनदा ऐकवत होतो. संताप आला, साहेबांचा आणि त्या लाल पेन्सिलीचाही.

त्या संध्याकाळी मी साहेबांचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि बोललो: "भाइयो, खाद. गोबर की खाद. कच्ची खाद खेत में डालने से दीमक लगती है. पहले गड्ढे में सड़ने दीजिए. चिट्ठी की बात नहीं है, खाद की बात है." तेही दोनदा.

साहेब तंबूत आले ते तणतणतच. "अहो, तुम्हाला वेड लागलंय का? आपल्याच पायावर धोंडा?"

"लोकांना समजलं तर बरंच ना, साहेब."

"समजलं तर टपाल येईल कशाला?"

माणूस हुशारच. टपाल बंद पडलं. एकदम, नळ बंद केल्यासारखं. मी मात्र आता खड्ड्याच्या काचेवर आलो होतो. मेळा संपत आला त्या संध्याकाळी सांगितलं की खड्डा उंचवट्यावर, सावलीत खणा, पावसाचं पाणी शिरू देऊ नका. किती खोल खणायचा ते कल बताऊंगा. एका दिवशी एकच गोष्ट, हा माझाच नियम.

वाचून उठतो तो वरचे साहेब समोर. त्यांनी आधीचा ढीग चाळला, मग टपालाचा ट्रे पाहिला. रिकामा.

"इस हफ़्ते एक भी नहीं? मतलब लोगों ने सुनना छोड़ दिया."

"नहीं हुजूर," मी म्हणालो, "सुनते हैं, इसीलिए नहीं लिखते."

ते मनापासून हसले. आमच्या साहेबांना म्हणाले, बंदा मज़ेदार है. मग म्हणाले, उद्यापासून या वेळेला ग्रामोफोनच्या रेकॉर्डी लावा, लोकांना गाणी आवडतात.

दुसऱ्या संध्याकाळी त्या वेळेला रेकॉर्ड लागली. मी घरी दिवा न लावता बसलो होतो. बायकोनं ताट वाढलं. नोकरीचं दुःख होतंच, ते नव्हतं असं कशाला म्हणू? पण डोक्यात घोळत होतं ते वेगळंच. चावडीवर लोक रेडिओभोवती बसले असतील, कुणी कुदळही आणून ठेवली असेल, आणि गाणं संपून मी खड्ड्याची खोली सांगेन म्हणून वाट बघत असतील.