नाव वेगळं दिसेल

शेजारचं शिवणाचं दुकान दोघी जावांचं. त्यातली थोरली जन्माची शंकेखोर. माझ्याकडे दोन पानांची झेरॉक्स काढली, तरी ती उजेडात धरून बघणार. त्यांच्या दुकानातला क्यूआर कोडचा बोर्ड मीच छापून लॅमिनेट केलेला. मजकूर तिचा: 'स्कॅन करा. नाव वेगळं दिसेल, काळजी नको. पैसे भरून स्क्रीनशॉट खालच्या नंबरवर पाठवा.' नंबर अर्थात तिचाच.

नाव वेगळं, कारण खातं धाकट्या जावेचं. "तिचं नाव लिहिलं तर दुकान तिचंच वाटेल लोकांना," थोरली म्हणाली होती. तिने सांगितलं तसं मी छापून दिलं. गिऱ्हाईक कशाला दुखवा!

सोमवारपासून थोरलीच्या फोनवर स्क्रीनशॉट येत होते आणि धाकटी म्हणत होती, खात्यात दमडीही जमा नाही.

"बँकेचे मेसेज पुसतेस आणि साळसूदपणे मशीनवर बसतेस?" थोरली भडकली. धाकटीने खात्याचा उतारा दाखवला, तर म्हणे, "तोही तुझ्याच फोनमधला!"

गुरुवारी धाकटीने कात्री टेबलावर ठेवली आणि निघून गेली. बारा वर्षं एकाच टेबलावर कापड कापलेल्या या दोघी. मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, संशय मलाही आला होता.

शुक्रवारी मी तिथे सुट्टे मागायला गेलो होतो. एक चष्मेवाल्या बाई आखूड करून घेतलेली पँट न्यायला आल्या. स्कॅन करून थबकल्या. "अहो, हे तर कुणा बाप्याचं नाव येतंय."

"वेगळंच दिसतं ते. भरा तुम्ही," थोरली सवयीने म्हणाली. मग तिचा हात थांबला. "बाप्याचं?"

त्यांच्या दुकानात पुरुष नाहीच. तिने घाईघाईने आपल्याकडचे स्क्रीनशॉट उघडले. रक्कम, वेळ, हिरवी खूण, सगळं तिने रोज तपासलं होतं. नाव एकदाही वाचलं नव्हतं. सोमवारपासूनच्या प्रत्येकावर तोच बाप्या. मी नखाने कोडचा कोपरा खरवडला, तर वरचा स्टिकर सुटून हातात आला. कुणीतरी आपला कोड चिकटवून गेला होता आणि आमचा बोर्डच गिऱ्हाइकांना काळजी करू नका म्हणून सांगत होता!

बँकेत तक्रार करून ती थेट माझ्याकडे आली. "नवा बोर्ड. लिही."

खरा कोड. त्याखाली: 'स्कॅन केल्यावर हेच नाव दिसलं पाहिजे. दुसरं दिसलं तर पैसे भरू नका.' मग धाकटीचं पूर्ण नाव. शेवटी: 'नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. आमच्या फोनवर पैसे जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत थांबा.'

"मेसेज येणारा फोन तर धाकटीकडे," मी म्हटलं.

"तेच तर. नाव मोठं कर. अजून. दुकानाच्या नावापेक्षा मोठं."

बोर्ड काखेत मारून ती घरी गेली. तासाभराने दोघी माझ्याकडे आल्या, एक पुढे, एक मागे. धाकटीने माझा फोन मागून बोर्ड स्कॅन केला, स्क्रीनवरचं नाव वाचलं, मग कोडच्या चारी कडांवरून नख फिरवलं. थोरली दारातच उभी होती.

"बघ," ती हळूच म्हणाली, "नीट तपासून घे. मी लिहिलाय तो."